नवरीच्या जिवलग मित्राने संगीताच्या संध्याकाळी काय बोलावं, कसं बोलावं

सीमांतपूजन आटोपतं, संगीताचे नाच सुरू होतात आणि दोन नाचांच्या मध्ये निवेदक सांगतो, "आता नवरीचा जिवलग मित्र दोन शब्द बोलणार आहे." मराठी लग्नात ही गोष्ट नवी आहे. अंतरपाट कोणी धरायचा, मामाने नवरीला केव्हा आणायचं, नवऱ्या मुलाचा कान कोणी पिळायचा, हे सगळं ठरलेलं असतं. नवरीच्या मित्राला मात्र कुठल्याच विधीत जागा नाही. मुलीकडच्यांना तो घरी येणारा-जाणारा म्हणून माहीत असतो. मुलाकडचे बहुतेक लोक त्याला त्या संध्याकाळी पहिल्यांदा बघतात आणि त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: हा कोण?

भाषण लिहायचं ते या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून. नवरीला तुमची माया आधीच ठाऊक आहे, तुमच्या मित्रमंडळींनाही. पहिल्या रांगेत बसलेल्या नवऱ्या मुलाच्या आजीला ती ठाऊक नाही. तुमचं प्रत्येक वाक्य तिच्या कानाने ऐकून बघायचं. तिला ते ऐकून नातसुनेबद्दल कौतुक वाटलं आणि नातवाबद्दल अभिमान वाटला, तर वाक्य ठेवायचं. तिला शेजारच्या बाईकडे वळून "म्हणजे काय?" असं विचारावंसं वाटलं, तर काढायचं.

इंटरनेटवर तयार भाषणांचे नमुने मिळतात, त्यांच्यापासून सावध राहा. त्यातले बरेचसे परदेशी लग्नांतल्या 'बेस्ट मॅन'च्या भाषणावरून घेतलेले असतात. बेस्ट मॅन हा नवऱ्या मुलाचा माणूस. तो नवऱ्याची भरपूर थट्टा करतो, त्याची जुनी लफडी सांगतो, आणि ते खपतं, कारण तो त्याच्याच बाजूचा असतो. तुम्ही मुलीकडचे आहात. तीच थट्टा तुमच्या तोंडून आली की मुलाकडच्यांना तो अपमान वाटतो, आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकत नाही.

आधी तीन जणांना विचारा

पहिलं विचारायचं नवरीला: तिला हे भाषण हवं आहे का, आणि कुठे हवं आहे. संगीत ही त्यासाठी सगळ्यात सोयीची जागा. रिसेप्शनला लोक आहेर देण्यासाठी रांगेत उभे असतात, जोडपं फोटोंत अडकलेलं असतं, कोणाचं लक्ष नसतं. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताची घाई असते. संगीताला लोक बसलेले असतात, स्टेज असतं, माईक असतो.

दुसरं विचारायचं नवऱ्या मुलाला. परवानगी म्हणून नाही, सांगून ठेवायचं म्हणून. "उद्या मी तीन मिनिटं बोलणार आहे, तुमच्याबद्दलही एक गोष्ट सांगणार आहे, चालेल ना?" एवढा एक फोन पुरतो. ज्याच्या लग्नात आपण बोलणार, त्याला ते स्टेजवरून पहिल्यांदा कळणं बरोबर नाही.

तिसरं, कार्यक्रम बसवणाऱ्याला. तुमचा नंबर कितवा आहे, हे नक्की करून घ्या आणि तो पहिल्या तीन-चार नाचांच्या आत मागा. यामागे व्यवहार आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. संगीत बहुतेक वेळा लॉनवर असतं आणि सुरू व्हायला उशीर होतो. साडेनऊ वाजले की निवेदक घड्याळ बघू लागतो आणि सगळ्यात आधी भाषणं कापतो. नाच बसवायला मुलींनी महिनाभर घाम गाळलेला असतो, तो कोणी कापत नाही.

लांबी किती

तीन मिनिटं. साडेतीन झाली तरी चालतील, पाच नकोत. घरी वाचताना आपण भरभर वाचतो. स्टेजवर माईकमध्ये, थांबत थांबत, माणसं हसतील तिथे वाट बघत बोललं की मिनिटाला साधारण 100 ते 110 मराठी शब्द होतात. म्हणजे लिहिलेला मजकूर 300 शब्दांच्या आसपास हवा. हाताने लिहिलं तर वहीची दोन पानं. त्यात चार गोष्टी मावतात: मी कोण, नवरीची एक आठवण, नवऱ्या मुलाची एक गोष्ट, आणि दोघांना शुभेच्छा. पाचवी गोष्ट घातली की पहिल्या चारही पातळ होतात.

आठवण निवडणं

एका संध्याकाळी बसून तिच्याबद्दलच्या दहा आठवणी प्रत्येकी एका ओळीत लिहून काढा. मग खोडायला लागा. खोडायचं काय, हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं.

तिच्या आधीच्या मित्राचा उल्लेख असलेली आठवण जाते, हे सांगायला नको. "हिने किती स्थळं नाकारली" हेही जातं. त्यात कौतुक आहे असं तुम्हाला वाटेल, पण नवऱ्या मुलाला त्या रांगेत उभं केल्यासारखं होतं. तिच्या वजनाची, रंगाची, घोरण्याची गंमत जाते. "हिला चहासुद्धा करता येत नाही" ही गंमत तर नक्की जाते. मित्रांच्या टोळक्यात ती माया असते. मुलाकडच्या एखाद्या काकूच्या कानावर गेली की ती माहिती होते, आणि पुढची पाच वर्षं प्रत्येक सणाला तीच माहिती नवरीला परत ऐकावी लागते. तुमचा विनोद संध्याकाळी संपतो. त्याचा हप्ता ती भरत राहते.

जिथे फक्त तुम्ही दोघं आहात आणि तिसरं कोणी नाही, अशी आठवणही शक्यतो बाजूला ठेवा. ती वाईट असते म्हणून नव्हे. ऐकणाऱ्याला तिच्यात शिरायला जागा नसते. "त्या रात्री गच्चीवर आम्ही पहाटेपर्यंत बोलत बसलो" हे कितीही निर्मळ असलं तरी अनोळखी माणूस बाहेरच उभा राहतो. जिथे तिची आई, तुमची आई, वर्गातली बाकीची मुलं, कोणीतरी तिसरं माणूस आहे, ती आठवण सगळ्यांची होते.

शेवटी उरलेल्या दोन-तीनांतून जिच्यात तिने काहीतरी *केलं* आहे ती घ्या. "गौरी फार प्रेमळ आहे, समजूतदार आहे, नेहमी मदतीला धावते" ही विशेषणं कुठल्याही मुलीला लावता येतात. तिने कुठला कागद उचलला, त्यावर काय लिहिलं, हे तिचं एकटीचं असतं.

नवऱ्या मुलाबद्दल काय बोलायचं

इथे बहुतेक मित्र अडखळतात, कारण त्याला ते दोन-तीनदाच भेटलेले असतात. मग तोंडातून ठरीव वाक्यं येतात. एक नमुना घेऊन त्यात काय बिघडतं ते बघू:

"गौरीला माझ्याइतकं कोणीच ओळखत नाही. रोहन, आजपासून मी तिला तुझ्याकडे सोपवतोय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तर लक्षात ठेव, गाठ माझ्याशी आहे."

पहिल्या वाक्यात तुम्ही नवऱ्या मुलाशी स्पर्धा लावली आणि तिच्या आई-वडिलांनाही मागे टाकलंत. दुसऱ्या वाक्यात जे तुमचं नाही ते तुम्ही देऊन टाकलंत. कन्यादान करायचं की नाही, हेही तिने आणि तिच्या आई-वडिलांनी ठरवायचं असतं, मित्राच्या हातात सोपवण्यासारखं काही नसतं. तिसरं वाक्य टाळ्या घेतं, पण ते ऐकताना रोहनच्या आईच्या चेहऱ्याकडे बघा. आपल्या मुलाने अजून काहीच केलेलं नाही आणि भर मांडवात त्याला दम मिळाला. धमकी विनोदाने दिली तरी तिच्या पोटात एक गृहीत असतं, की हा तिला दुखावणार आहे.

आदर दाखवायला मोठे शब्द लागत नाहीत, एक पाहिलेली गोष्ट लागते. तो कसा वागला, हे तुम्ही बघितलं आणि लक्षात ठेवलं, यापेक्षा मोठा मान नाही. तसं काही बघायला मिळालेलं नसेल तर लग्नाआधी त्याला एकदा चहाला भेटा. भेट शक्य नसेल तर नवरीला विचारा: "त्याची अशी कुठली गोष्ट बघून तुला वाटलं, की हा माणूस बरोबर आहे?" ती सांगेल त्यातली छोटी, घरगुती गोष्ट घ्या. पगार, पद, परदेशातली नोकरी, उंची यातलं काही घेऊ नका. ते बायोडाटात येऊन गेलेलं असतं. आणि गोष्ट ऐकीव असेल तर "गौरीने मला सांगितलं" असं म्हणून सांगा, स्वतः बघितल्यासारखी नको.

त्याच्याशी अरे-तुरे करायचं की अहो-जाहो? नवरीचा भाऊ त्याला कसं बोलावतो ते ऐका आणि तेच धरा. तो "रोहनदादा" म्हणत असेल आणि तुम्ही स्टेजवरून "काय रे रोहन" केलंत तर ते खटकतं. ठरत नसेल तर सगळी गोष्ट त्याच्याबद्दल, लोकांना सांगितल्यासारखी सांगा. थेट हाक फक्त शेवटच्या शुभेच्छांत लागते.

'बहिणीसारखी' म्हणायचं का

या एका शब्दावर थांबायला हवं, कारण जवळजवळ प्रत्येक जण तो घाईने वापरतो. "गौरी मला बहिणीसारखी आहे" हे वाक्य बहुतेकदा मुलाकडच्यांची शंका मिटवायला म्हटलेलं असतं. पण कोणी विचारलेलंच नसताना खुलासा दिला की शंका तिथूनच सुरू होते.

ती तुम्हाला खरोखर राखी बांधत असेल, भाऊबीजेला ओवाळत असेल, तर तसंच सांगा: "गेली सात वर्षं भाऊबीजेला मी गौरीकडे असतो." ही घडलेली गोष्ट आहे, खुलासा नाही. काही घरांत नवरीला भाऊ नसला की कान पिळायला मित्रालाच उभं करतात. मग तुम्ही भावाच्या जागी आहातच आणि तो शब्द तुमच्या तोंडी शोभतो. यातलं काहीच नसेल तर "मित्र" म्हणा आणि तेवढ्यावर थांबा. मित्र हा पूर्ण शब्द आहे, त्याला टेकू लागत नाही. तुम्ही तो मोकळेपणाने उच्चारलात की ऐकणारेही मोकळेपणाने घेतात.

शंका मिटवणारी खरी गोष्ट वेगळीच असते: ओळख कुठे झाली आणि किती वर्षांची आहे, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगून टाकणं. "कॉलेजात आमचे रोल नंबर शेजारी आले" एवढं ऐकलं की "हा कोण?" हा प्रश्न संपतो आणि माणसं निवांत ऐकायला लागतात.

आणखी एक सावधगिरी नावाची. काही घरांत लग्नात मुलीचं नाव बदलतात, काही घरांत आडनावही तेच राहतं. हा त्या घरांचा आणि तिचा विषय आहे. "आता ही सौ. अमुक होणार" अशी वाक्यं नकोत. आणि कॉलेजातलं टोपणनाव स्टेजवर नको; तिला ज्या नावाने घरात हाक मारतात ते घ्या.

एक पूर्ण भाषण

समजा नवरी गौरी, नवरा मुलगा रोहन आणि बोलणारा निखिल. गौरी आणि निखिल सांगलीला एका वर्गात होते. निखिलने रोहनला लग्नाआधी दोनदा बघितलं आहे. भाषण असं होईल:

"नमस्कार. रोहन आणि गौरी, दोघांच्या घरच्या सगळ्या वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार. मी निखिल. सांगलीला कॉलेजात पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये गौरीचा आणि माझा रोल नंबर शेजारी आला. तेव्हापासून 11 वर्षं आम्ही मित्र आहोत.

गौरीची एकच गोष्ट सांगतो. आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना माझे बाबा अचानक आजारी पडले. मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. आई गावाहून निघाली होती, पोचली नव्हती. मी एकटाच होतो आणि मला काही सुचत नव्हतं. रात्री साडेनऊला गौरी आणि तिचे बाबा आले. तिच्या हातात डबा होता. ती 'काळजी करू नकोस' वगैरे काही म्हणाली नाही. माझ्या हातातला बिलाचा कागद तिने घेतला, उलटा केला, आणि सिस्टरना विचारून कुठलं औषध किती वाजता द्यायचं ते ओळीने त्यावर लिहून काढलं. कागद माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाली, 'आता जेव.'

तो कागद अजून आमच्या घरी आहे. आईने देवघराच्या खणात ठेवलाय.

रोहनला मी पहिल्यांदा बघितलं ते गौरीच्या आजीच्या पंचाहत्तरीला. आजीला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. रोहनला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो डावीकडे बसला होता. दोन मिनिटं बोलला, आजीकडे नीट बघितलं, मग उठला, स्वतःची खुर्ची उचलली आणि उजव्या बाजूला जाऊन बसला. कोणाला काही बोलला नाही. त्यानंतर तासभर आजीच बोलत होत्या आणि तो ऐकत होता. मला तेव्हा तो बिलाचा कागद आठवला.

काका, काकू, हे वळण घरातून येतं. तुम्हाला भेटल्यावर ते कळलं.

गौरी, तुझ्या शेजारी आज असा माणूस बसलाय, ज्याला न सांगता कळतं. मला फार आनंद झालाय. रोहन, गौरी, तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा."

हे अडीच-तीन मिनिटांचं झालं. आता ते का चालतं ते बघा. दोन्ही गोष्टींत कोणी कोणाचं कौतुक केलेलं नाही, दोघांनी काय केलं तेवढंच सांगितलं आहे; कौतुक ऐकणाऱ्याच्या मनात तयार होतं. दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत: न बोलता समोरच्याची अडचण ओळखणं. त्यामुळे "हे दोघं एकमेकांना शोभतात" हे वाक्य म्हणावं लागत नाही. गौरीच्या गोष्टीत तिचे बाबा आहेत, निखिलची आई आहे, सिस्टर आहे. मुलाकडच्यांना त्या खोलीत उभं राहायला जागा आहे. रोहनच्या गोष्टीतला मान त्याच्या आई-वडिलांपर्यंत नेला आहे, आणि तो एकाच वाक्यात, लांबण न लावता.

गौरीशी थेट बोलणं अगदी शेवटी, दोन-तीन वाक्यांपुरतं आहे. आधीपासूनच "गौरी, तुला आठवतं का..." असं सुरू केलं तर भाषण तुमच्या दोघांतलं संभाषण होतं आणि बाकीचे बघे होतात.

यातली एक गोष्ट सहज निसटते. आजीचं ऐकणं कमी झालंय, हे तुम्ही माईकवरून सांगणार आहात. आजीला आधी विचारलं का? काही माणसांना त्याचं काही वाटत नाही, काहींना फार वाटतं. ज्यांची ज्यांची गोष्ट भाषणात येते, त्या प्रत्येकाला विषय सांगून ठेवा. नवरीलाही पूर्ण भाषण दाखवायची गरज नाही, "दवाखान्याची गोष्ट सांगू का?" एवढं विचारा. ती क्षणभर जरी घुटमळली तर दुसरी आठवण घ्या.

एक मिनिटाची आवृत्ती

कार्यक्रम लांबला आणि निवेदक कानात म्हणाला "एकच मिनिट हं", तर तीन मिनिटांचं भाषण भराभर म्हणायला जाऊ नका. आधीच एक छोटी आवृत्ती वेगळ्या कागदावर तयार ठेवा. नाव आणि रोल नंबरचं वाक्य, मग कागदाची गोष्ट तीन वाक्यांत: बाबा दवाखान्यात होते, गौरीने बिलाच्या मागे औषधांच्या वेळा लिहून दिल्या, तो कागद आई अजून जपते, मग खुर्चीची गोष्ट दोन वाक्यांत, मग शुभेच्छा. कापताना रोहनची गोष्ट कधीही पूर्ण कापू नका. वेळेअभावी नवऱ्याचा भागच गेला, तर उरतो तो फक्त नवरीवरची माया दाखवणारा एक अनोळखी मुलगा.

सराव आणि माईक

मोठ्याने, उभं राहून, घड्याळ लावून पाच वेळा म्हणा. त्यातली एक वेळ अशा माणसासमोर, जो गौरीला ओळखत नाही. तो कुठे "कोण?" असं विचारतो, ते वाक्य दुरुस्त करायचं. आवाज कुठे भरून येतो, तेही सरावातच कळतं. वरच्या भाषणात तो देवघराच्या खणाशी येईल. त्या ओळीच्या आधी कागदावर एक उभी रेघ मारा. तिथे पोचलात की थांबा, श्वास घ्या, आणि ती ओळ नवरीकडे न बघता मागच्या रांगेकडे बघून म्हणा. तिच्या डोळ्यांत बघितलंत तर दोघंही रडाल. डोळ्यांत पाणी आलं तर त्यात काही वावगं नाही, पण मित्राला बोलता येईनासं झालं की खालची माणसं अवघडून जातात आणि सगळ्यांच्या नजरा रोहनकडे वळतात. त्याच्यावर तो प्रसंग आणू नका.

मजकूर पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. फोनवरून वाचू नका: स्क्रीन बंद पडते, मध्येच मेसेज येतो, आणि फोटोंत तुम्ही खाली बघून चॅट करताय असं दिसतं.

कार्यक्रमाआधी साऊंडवाल्याला भेटा. माईक चालू-बंद करायचं बटण कुठे आहे ते विचारून घ्या, एक वाक्य बोलून बघा. माईक तोंडापासून चार बोटांवर धरायचा. आवाज नीट येईल असं अंतर तुमच्या बोलण्याच्या जोरावर थोडं कमी-जास्त करा. वरची जाळी मुठीत पकडू नका आणि स्पीकरच्या खोक्यांसमोर जाऊन उभे राहू नका, नाहीतर माईक शिट्टी मारतो. उभं राहायचं ते जोडप्याच्या बाजूला, थोडं तिरकं, म्हणजे तुम्हाला तेही दिसतात आणि लोकही. अनेक जण जोडप्याकडे पाठ करून उभे राहतात आणि "रोहन, गौरी" म्हणताना मान मागे वळवतात. तेवढ्यात आवाज जातो आणि नेमक्या शुभेच्छाच ऐकू येत नाहीत.

मित्रांच्या घोळक्यातून कोणी तिचं टोपणनाव ओरडलं किंवा "ती गोव्याची गोष्ट सांग!" म्हणालं, तर उत्तर देऊ नका. हसून दोन सेकंद थांबा आणि पुढचं वाक्य म्हणा. "ती गोष्ट इथे नको" असं म्हणालात तर सगळ्यांना तीच गोष्ट ऐकायची इच्छा होते. त्यापेक्षा त्या मित्रांना दुपारीच गाठून सांगून ठेवलेलं बरं.

घर वेगळं असेल तर

नवऱ्या मुलाचं घर कानडी, गुजराती किंवा तमिळ असेल तर नमस्काराचं एक वाक्य आणि शुभेच्छांचं एक वाक्य त्यांच्या भाषेत म्हणा, आणि ते त्यांच्याच घरातल्या कोणाकडून तपासून, उच्चार ऐकून घ्या. मधल्या गोष्टी ज्या भाषेत सगळ्यांना कळतील त्या भाषेत सांगा. अर्धं वाक्य मराठीत आणि अर्धं इंग्रजीत असं नको. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात किंवा परदेशातल्या रिसेप्शनला शेवट प्याला उंचावून होतो. तिथे शेवटचं वाक्य छोटं हवं आणि त्यात दोघांची नावं हवीत, कारण लोक तीच नावं मागोमाग म्हणतात. "गौरीसाठी" एवढंच म्हणालात तर सगळं सभागृह नवऱ्या मुलाला वगळून प्याला उंचावतं.

बोलून झाल्यावर

माईक निवेदकाच्या हातात द्या, टेबलावर ठेवू नका. आधी रोहनला भेटा, हात मिळवा, मग गौरीला. खाली उतरल्यावर रोहनच्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना नमस्कार करा, मग गौरीच्या घरच्यांना. जेवणाच्या रांगेत कोणी काका विचारतीलच, "मग तुम्ही दोघांनीच का नाही केलं लग्न?" चिडू नका आणि लांब उत्तरही देऊ नका. "तसं कधी नव्हतं, काका. आम्ही मित्रच. रोहन छान माणूस आहे," एवढं सरळ सांगा आणि त्यांना जिलबी वाढली का ते विचारा.

भाषणाचा व्हिडिओ कोणी काढला असेल तर तो ग्रुपवर टाकायच्या आधी गौरी आणि रोहन दोघांना पाठवा. हातातला कागद मात्र त्याच रात्री गौरीला द्या, घडी घालून, बाहेर दोघांचीही नावं लिहून.